लग्नाला 'येता येणार नाही' हे कसं लिहावं? (उपयोजित लेखन : पत्र व संदेश)



पत्रलेखनात आपण अभिनंदन पत्र, विनंती पत्र, मागणी पत्र शिकतो. लग्नाची निमंत्रण पत्रिकाही वर्गात तयार करून पाहतो. पण आलेल्या निमंत्रणाला 'मला येणं जमणार नाही' असं उत्तर कसं द्यायचं, हे सहसा कुणी शिकवत नाही. आज तेच शिकूया. उदाहरण माझंच आहे, आणि त्यातली पहिली चूकही माझीच आहे.

प्रसंग

२०२४ ची दिवाळीची सुट्टी होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील सुरगाण्याच्या बाजाराला आले होते. जाता जाता घरी आले, पिशवीतून पत्रिका काढली आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीचं लगीन हाय. तुम्ही आल्याबिगर अक्षता पडायच्या नाहीत." दिवाळीनंतर पाड्यावरची बरीच माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. त्याआधी लग्न उरकून घ्यायचं, असा त्यांचा बेत होता.

मी पत्रिका न उघडताच म्हणालो, "येतो की! येणारच."

ते गेल्यावर पत्रिका उघडली. १९ नोव्हेंबरला हळद, २० नोव्हेंबरला लग्न. आणि २० नोव्हेंबर म्हणजे विधानसभेच्या मतदानाचा दिवस. माझा निवडणूक ड्युटीचा आदेश आधीच आलेला होता.

ही ड्युटी कशी असते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे अडचण कळेल. कर्मचाऱ्याला शक्यतो स्वतःच्या मतदारसंघाबाहेर पाठवतात. सुरगाणा तालुका कळवण मतदारसंघात येतो, म्हणून मला निफाड मतदारसंघ मिळाला होता. केंद्र कोणतं, ते आदल्या दिवशी साहित्य घेतानाच कळतं. १९ तारखेला यंत्रं आणि कागदपत्रं ताब्यात घ्यायची, केंद्रावर मुक्काम करायचा. मतदान सकाळी सातला सुरू होतं, पण त्याच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घ्यावं लागतं. संध्याकाळी सहापर्यंत मतदान, मग यंत्रं मोहोरबंद करणं, हिशेबाचे नमुने भरणं, सगळं जमा करणं. मोकळं व्हायला रात्र होते. म्हणजे हळदही गेली आणि लग्नही गेलं.

ज्या माणसाला तोंडावर 'येणारच' म्हणालो, त्याला आता 'येत नाही' असं कळवायचं होतं. फोन लावून पाहिला, पण पाड्यावर रेंज नव्हती. त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर संदेश पाठवला तर तो जिथे रेंज मिळेल तिथे वाचणार आणि घरी जाऊन वडिलांना वाचून दाखवणार. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

पहिला मसुदा

मी आधी असं लिहिलं :

'आपल्या सुकन्येच्या शुभविवाहाचे निमंत्रण मिळाले. अत्यंत आनंद झाला. तथापि काही अपरिहार्य कारणास्तव उपस्थित राहू शकत नाही. क्षमस्व. नवदांपत्यास हार्दिक शुभेच्छा.'

भाषा शुद्ध आहे, परीक्षेत गुणही मिळतील. तरी हा संदेश मी पुसून टाकला. का, ते बघा. 'काही कारणास्तव' म्हणजे कोणतं कारण? ऐकणाऱ्याला वाटणार, गुरुजींना यायचंच नाही. खरं कारण असताना ते झाकून ठेवलं की ते सबबीसारखं दिसतं. शिवाय हा मजकूर कुणाच्याही लग्नाला चालेल. त्यात ती मुलगी कुठेच नाही, आणि मी आधी 'येतो' म्हणालो होतो त्याचाही उल्लेख नाही.

दुसरा मसुदा

मग मी उलट केलं. आदेश कधी आला, प्रशिक्षण किती वेळा झालं, केंद्र कसं ठरतं, ड्युटी चुकवली तर कोणती कारवाई होते, सगळं लिहिलं. पंधरा ओळी झाल्या. मुलीचं नाव तेराव्या ओळीत आलं! कारण खरं होतं, पण इतकं लांबवलं की पत्र लग्नाचं न राहता माझ्या ड्युटीचं झालं. लग्नघरी माणसं गडबडीत असतात. त्यांना आपली बाजू पटवून घ्यायला वेळ नसतो.

म्हणून मी स्वतःला एक माप घालून घेतलं. कारण एकच द्यायचं, ते दोन-तीन वाक्यांत द्यायचं आणि तारखेसकट द्यायचं. मतदान २० ला आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं, त्यामुळे तारीख लिहिली की पुरावा वेगळा द्यावा लागत नाही. दोन-तीन कारणं जोडली ('ड्युटी आहे, शिवाय तब्येतही बरी नाही') तर एकही खरं वाटत नाही.

क्रियापद कोणतं वापरायचं?

इथे थोडं व्याकरण पाहू. ही चार वाक्यं मोठ्याने वाचा.

१. मी येणार नाही.
२. मी येऊ शकत नाही.
३. मला येता येणार नाही.
४. बघतो, जमलं तर येतो.

पहिल्या वाक्यात 'मी' कर्ता आहे आणि 'येणार नाही' हा त्याचा निर्णय वाटतो. लग्नाच्या निमंत्रणाला हे वाक्य तुटक लागतं. दुसरं बरोबर आहे, कार्यालयीन पत्रात चालतं, पण घरच्या माणसाशी बोलताना जरा कोरडं वाटतं. तिसऱ्या वाक्यात 'मी' जाऊन 'मला' ही चतुर्थी आली. आता न येणं ही माझी इच्छा नाही, माझ्यापुढे आलेली अडचण आहे, असा अर्थ होतो. आपण घरात बोलतानाही असंच बोलतो : 'मला काही येता येणार नाही गं.'

चौथं वाक्य सगळ्यात गोड आणि सगळ्यात वाईट. तोंडावर 'नाही' म्हणायला जड जातं म्हणून आपण ते सर्रास वापरतो. पण लग्नघरचा माणूस ते 'येतो' असंच धरतो. आपली पानं मोजतो, वाट पाहतो, कधी अक्षता थांबवून ठेवतो. येणं शक्यच नाही हे माहीत असताना 'जमलं तर येतो' लिहू नका. नकार कळल्याबरोबर, म्हणजे किराणा भरायच्या आधी, कळवा.

पाठवलेला संदेश

शेवटी मी हा मजकूर पाठवला. (मुलीचं नाव इथे दिलेलं नाही.)

'दादा, रामराम.

परवा पत्रिका दिलीत तेव्हा तारीख न पाहताच मी येतो म्हणालो. चूक माझी. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आहे. माझी ड्युटी निफाडकडे लागली आहे. १९ ला सकाळी निघायचं आहे, परत यायला २० ची रात्र होईल. त्यामुळे हळदीला आणि लग्नाला मला येता येणार नाही.

मनाला फार लागलंय. पहिलीच्या वर्गाच्या दारात पाटी घेऊन रडत उभी राहिलेली पोर आज नवरी होतेय, आणि अक्षता टाकायला मी नाही.

घरून तुमच्या वहिनी आणि मुलगा हळदीला येतील. लग्न लागल्यावरच परत निघतील. आमची दोन माणसं धरा.

बाळ, वर्गात तुझं अक्षर सगळ्यात सुंदर होतं. नव्या घरीही लिहिणं-वाचणं सोडू नकोस. दोघं एकमेकांना सांभाळून घ्या, सुखाने नांदा. माझ्या वाटच्या अक्षता तुझ्या काकू टाकतील. तुम्हा दोघांना माझे आशीर्वाद.

रविवारी, २४ तारखेला मी घरी येतो.

तुमचे,
गुरुजी'

मजकूर उलगडून पाहू

आधी माझी चूक मान्य केली, कारण 'येतो' म्हटलेलं त्यांच्या लक्षात होतं. मग कारण आणि नकार. नकार एकाच वाक्यात, पण हळद आणि लग्न दोन्हींसाठी स्पष्ट आहे. नाहीतर लग्नाला नाही तर हळदीला तरी येतील, असं त्यांना वाटलं असतं.

पुढचं वाक्य फक्त त्या मुलीबद्दल आहे. खेद दाखवायला 'क्षमस्व' किंवा 'दिलगीर आहे' हे शब्द चुकीचे नाहीत, पण एक खरी आठवण त्याहून जास्त सांगते. तीच गोष्ट शुभेच्छांची. 'हार्दिक शुभेच्छा' कुणालाही देता येतात. तिच्या अक्षराची आठवण फक्त तिलाच देता येते.

'आमची दोन माणसं धरा' हे वाक्य जेवणाच्या अंदाजासाठी आहे. आहेराचा उल्लेख मात्र मुद्दाम केला नाही. 'येत नाही, पण आहेर पाठवतो' असं लिहिलं की येण्याची भरपाई केल्यासारखं वाटतं. आहेर पत्नीच्या हाती गेला, पत्रात नाही.

शेवटी 'कधीतरी नक्की येईन' असं न लिहिता वार आणि तारीख दिली. तारीख दिली की ती पाळावी लागते. २३ ला मतमोजणी होती, म्हणून २४ चा रविवार धरला.

आणखी एक. वाक्यं लहान ठेवली, कारण हा मजकूर वाचला जाणार नव्हता, ऐकला जाणार होता. तरी माझी एक चूक राहिलीच. मी मुळात 'चूक माझी' च्या जागी 'अनवधानाने' असा शब्द लिहिला होता. रविवारी गेलो तेव्हा दादा हसून म्हणाले, "पोरानं मांडवात सगळ्यांसमोर वाचलं गुरुजी, पण एका शब्दाला असा अडकला की शेवटी सोडूनच दिला!" वर दिलेल्या मजकुरात तो शब्द बदलला आहे. नवरी सासरी गेली होती. तिच्या आईने सांगितलं, जाताना ती भावाला म्हणाली, तो मेसेज माझ्या मोबाईलवर टाक.

कारण सांगण्यासारखं नसेल तर?

कधी घरात आजारपण असतं, कधी पैशाची अडचण असते. ते सगळ्यांना वाचून दाखवलं जाऊ नये असं आपल्याला वाटतं. अशा वेळी खोटं कारण रचू नका. गावात ते आठ दिवसांत उघडं पडतं. 'घरी एक अडचण आहे, भेटल्यावर सांगतो' एवढं पुरे. हे 'काही अपरिहार्य कारणास्तव' पेक्षा वेगळं आहे, कारण पुढे सांगण्याचा शब्द त्यात दिलेला आहे.

सराव

१. ४ मे २०२५ रोजी, रविवारी, दुपारी २ ते ५ या वेळेत नीट परीक्षा होती. त्याच दिवशी मामेभावाचं लग्न आहे आणि तुमचं परीक्षा केंद्र नाशिकला आहे, असं समजा. मामांना आठ ते दहा वाक्यांत संदेश लिहा. घरचे कोण येणार, ते सांगायला विसरू नका.

२. 'आम्ही लग्नाला उपस्थित राहू शकत नाही' हे वाक्य मावशीला लिहायचं आहे. घरच्या बोलण्यात बदलून लिहा.

३. लिहून झालेला संदेश घरातल्या लहान भावंडाला मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल, तो शब्द बदला.