हिरवा म्हणजे नेमका किती हिरवा?

चाकणच्या एका कारखान्यात जुनी संगणकप्रणाली बदलून नवी ईआरपी बसवण्याचं काम चाललं होतं, तेव्हा मी तिथल्या प्रोजेक्ट ऑफिसात होतो. दर आठवड्याला एका पानाचा डॅशबोर्ड वरिष्ठांकडे जायचा. त्यात प्रत्येक कामापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका असे. कुठला ठिपका द्यायचा हे त्या त्या कामाचा प्रमुख ठरवत असे. स्टोअर्सच्या प्रमुखांचा पिवळा म्हणजे ‘थोडा उशीर आहे, पण मी बघतो’. डिस्पॅचच्या मॅडमचा पिवळा म्हणजे ‘माझ्या हातात नाही, कुणीतरी मदतीला या’. पान वाचणाऱ्या संचालकांना दोन्ही सारखेच दिसायचे, आणि दोन्हींवर सारखंच दुर्लक्ष व्हायचं.

या सगळ्यात बुडालं ते मटेरियल मास्टरच्या सफाईचं काम. जुन्या प्रणालीत 24,000 वस्तूंच्या नोंदी होत्या. एकाच बेअरिंगच्या तीन तीन नोंदी, एकके चुकलेली, वर्णनं अर्धवट. त्या दुरुस्त करून नव्या प्रणालीत चढवण्याजोग्या करायच्या होत्या. योजना दहा आठवड्यांची, म्हणजे आठवड्याला 2,400 नोंदी. नऊ आठवडे हे काम डॅशबोर्डवर हिरवं होतं आणि दहाव्या आठवड्यात एकदम लाल झालं. चाचणी म्हणून डेटा चढवून पाहण्याची तारीख हुकली, तिच्यामागे वापरकर्त्यांचं प्रशिक्षण घसरलं, आणि नवी प्रणाली सुरू करायचा दिवस पुढे गेला. आमच्या धंद्यात अशा कामाला कलिंगड म्हणतात : वरून हिरवं, कापलं की लाल.

कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. टीमने ‘उघडून पाहिलेल्या’ नोंदी मोजल्या होत्या, आणि त्या हिशेबाने काम खरंच वेळेवर होतं. प्रत्यक्षात स्टोअर्स आणि खरेदी विभागाने तपासून मान्य केलेल्या नोंदी कितीतरी कमी होत्या. शिवाय सोप्या वस्तू, म्हणजे नट, बोल्ट, वॉशर, आधी संपवल्या गेल्या आणि आयात केलेले सुटे भाग शेवटी राहिले. त्या एकेका भागासाठी ड्रॉइंग शोधावं लागे. साहजिकच पुढे वेग मंदावला, पण ठिपक्याला ते कळण्याची सोयच नव्हती.

नंतर आम्ही नियम बसवले आणि त्याच कामाच्या जुन्या आकड्यांवर लावून पाहिले. तो हिशेब इथे सविस्तर देतो.

पहिला प्रश्न होता मोजायचं काय. आम्ही ठरवलं : फक्त मान्य झालेल्या नोंदी. मग गेल्या तीन आठवड्यांच्या सरासरी वेगाने उरलेलं काम कधी संपेल ते काढायचं. ही झाली अंदाजाची तारीख. मूळ मंजूर योजनेतली तारीख आणि ही तारीख यांत कामाच्या दिवसांचं जे अंतर, ती घसरण. रंग ठरणार तो घसरणीवरून. ‘टक्के पूर्ण’ हा रकाना आम्ही काढूनच टाकला, कारण नव्वद टक्क्यांवर येऊन काम कितीही आठवडे थांबू शकतं आणि आकडा मात्र हलत नाही.

दुसरा प्रश्न सीमारेषेचा. किती घसरण झाली की पिवळा, किती झाली की लाल? बरेच जण दहा टक्क्यांसारखा सरसकट आकडा घेतात. मला तो पटत नाही. सीमा त्या कामाच्या पुढे मोकळी जागा किती आहे यावरून ठरली पाहिजे. आमच्याकडे सफाई संपण्याची तारीख आणि चाचणीची तारीख यांच्यात कामाचे 10 दिवस मोकळे होते. घसरण त्यापलीकडे गेली की पुढचं काम अडणारच, म्हणून 10 दिवसांपेक्षा जास्त ते लाल. निम्मी मोकळीक संपली की लक्ष घालायची वेळ आली, म्हणून 5 दिवसांपेक्षा जास्त ते पिवळं. ज्या कामापुढे मोकळीक दोनच दिवसांची आहे, तिथे हे आकडे चालणार नाहीत. तिथे एका दिवसाची घसरण म्हणजे निम्मी मोकळीक गेली, दुसऱ्या दिवसाने ती पूर्ण संपते, आणि तिसऱ्या दिवशी काम लालच व्हायला हवं.

आता आकडे बघा. पहिल्या तीन आठवड्यांत मान्य नोंदी 2,400, 2,300 आणि 2,200. एकूण 6,900 झाल्या, उरल्या 17,100. सरासरी वेग 2,300, म्हणजे अजून जवळपास साडेसात आठवडे. घसरण साधारण 3 दिवसांची, रंग हिरवा, आणि तो योग्यच. चौथ्या आठवड्यात 1,700 झाल्या. सरासरी 2,067 वर आली, उरल्या 15,400. कारखान्याचा आठवडा सहा दिवसांचा, त्या हिशेबाने घसरण 9 दिवसांची : पिवळा. पाचव्या आठवड्यात 1,600. सरासरी 1,833, उरल्या 13,800, घसरण 15 दिवसांच्या वर : लाल. जे आम्हाला दहाव्या आठवड्यात कळलं, ते पाचव्या आठवड्याच्या अखेरीस कागदावर दिसत होतं. त्या वेळी खरेदी विभागातून दोन अनुभवी माणसं महिनाभर मागून घेता आली असती. दहाव्या आठवड्यात तो मार्ग उरला नव्हता.

नियम कागदावर ठरले तरी शीटमध्ये ते चुकतात, आणि हे चुकणं दिसत नाही. आमची शीट एक्सेलमध्ये होती. C2 मध्ये मूळ तारीख, D2 मध्ये अंदाजाची तारीख, E2 मध्ये घसरण आणि F2 मध्ये रंग.

```
E2: =IF(D2="","",NETWORKDAYS.INTL(C2,D2,15,Holidays)-1)
F2: =IF(E2="","GREY",IF(E2>10,"RED",IF(E2>5,"AMBER","GREEN")))
```

यातला 15 हा आकडा म्हणजे साप्ताहिक सुट्टी फक्त गुरुवारी. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात बरेच कारखाने गुरुवारी बंद असतात आणि रविवारी चालू. साधं NETWORKDAYS शनिवार-रविवार सुट्टी धरतं, त्यामुळे आमच्याकडे ते सरळ चुकीचे दिवस मोजत होतं. शेवटचं वजा एक यासाठी, की हे फंक्शन दोन्ही टोकांचे दिवस धरतं; तारीख अजिबात घसरली नसली तरी उत्तर 1 येतं. Holidays हे सणांच्या आणि इतर सुट्ट्यांच्या यादीला दिलेलं नाव, ती यादी वर्षाच्या सुरुवातीलाच भरून ठेवावी.

सर्वांत धोक्याची जागा रिकाम्या घराची आहे. D2 मध्ये कुणी तारीख भरलीच नाही, तर एक्सेल त्या घराला शून्य समजतं आणि घसरण प्रचंड ऋण येते. अट घातली नसेल तर रंग पडतो हिरवा. म्हणजे ज्याने माहितीच दिली नाही त्याचं काम सर्वांत निरोगी दिसतं! म्हणून माहिती नसेल तर करडा रंग, आणि बैठकीत करड्यांची चौकशी लालइतकीच गंभीरपणे. आकडे कोणत्या वेळेपर्यंतचे हेही एकच असावं. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंतचे आकडे धरले जात, त्यानंतरची आनंदाची बातमी पुढच्या आठवड्यात.

रंग सूत्राने ठरला तरी माणसाच्या निर्णयाला जागा हवी. एखादा पुरवठादार हात वर करणार आहे याची कुणकुण प्रमुखाला आकड्यांच्या आधी लागते. म्हणून प्रमुखाला रंग वाईटाकडे नेण्याची पूर्ण मुभा, कारण एका ओळीत लिहायचं. रंग चांगल्याकडे नेण्याची मुभा मात्र नाही. तो आकडे सुधारले तरच सुधारेल. वेळ, खर्च आणि दर्जा यांचे रंग वेगवेगळे निघाले तर कामाचा एकूण रंग त्यांतला सर्वांत वाईट. सरासरी काढू नका. एक लाल आणि दोन हिरवे यांचं मिळून पिवळं होत नाही, अडलेलं काम अडलेलंच राहतं.

पिवळ्याबद्दल मी जास्त कडक आहे. पिवळा हा लोकांना राहायला सोयीचा रंग : ओरडाही नको आणि जबाबदारीही नको. आम्ही त्याला मुदत घातली. पिवळ्या कामापुढे ते परत हिरवं कसं होणार, कोण करणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे तीनही लिहिलेलं पाहिजे. सलग तीन आठवडे पिवळं राहिलं तर चौथ्या आठवड्यात आकडे काहीही असोत, ते लाल. उलट्या दिशेनेही घाई नको. सीमेवरचं काम एका आठवड्यात हिरवं, दुसऱ्यात पिवळं असं उड्या मारू लागलं की वाचणारा रंगांकडे बघणं सोडतो. म्हणून परत हिरवं होण्यासाठी सलग दोन आठवडे सीमेच्या आत असलं पाहिजे.

एक पळवाट मात्र कुठल्याही सूत्राने बंद होत नाही : मूळ तारीखच बदलून टाकणं. C2 मधली तारीख पुढे ढकलली की लाल काम क्षणात हिरवं. नवी तारीख कधीकधी रास्तही असते, पण ती स्टीअरिंग कमिटीच्या मंजुरीनेच यावी आणि पहिली तारीख शेजारच्या रकान्यात शेवटपर्यंत दिसत राहावी. C2 चा रकाना कुलूपबंद करा.

आणि वरच्या खुर्चीत बसणाऱ्यांना एक विनंती. 2006 साली ॲलन मुलाली फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्याकडे निघाली होती, आणि साप्ताहिक बैठकीतले तक्ते मात्र हिरवे येत होते. मग मार्क फील्ड्स यांनी एज या गाडीच्या कामापुढे पहिल्यांदा लाल रंग दाखवला. खोली गप्प झाली. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि मदत कोण करू शकेल असं विचारलं. त्यानंतर इतरांचे तक्तेही खरे रंग दाखवू लागले. आमच्याकडे लाल आला की पहिला प्रश्न असायचा ‘असं झालंच कसं?’ त्या प्रश्नापुढे कुठलंही सूत्र टिकत नाही. लोक मोजण्याच्या आकड्यालाच हात घालतात. लालचा अर्थ नियमपत्रकात असा लिहा : ‘हे काम वरच्या निर्णयाशिवाय वेळेत होणार नाही’. म्हणजे लाल दिसला की उत्तर द्यायची पाळी बैठकीची, प्रमुखाची नव्हे.

ठिपक्याच्या शेजारी रंगाचं नाव अक्षरांत लिहायला विसरू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं बऱ्याच कार्यालयांत असतात, आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तर तो कुणालाच दिसत नाही.

तुमच्याकडे हे नियम लागू करण्याआधी एक काम करा. बंद झालेल्या, आणि घसरलेल्या, एखाद्या प्रोजेक्टचे जुने साप्ताहिक आकडे काढा आणि आठवड्यामागून आठवडा हे सूत्र त्यांवर चालवा. लाल जर फार उशिरा पडत असेल, तर सीमा सैल आहेत. पहिल्या आठवड्यापासून सगळंच लाल दिसत असेल, तर त्या फार घट्ट आहेत. सीमा तिथे बसवून घ्या, सगळ्या प्रमुखांच्या सह्या घ्या, आणि चालू प्रोजेक्टच्या मध्यावर त्या बदलू देऊ नका.