पासबुकाचा फोटो पुसट आला तर?

ताईंनो, कर्ज खात्यावर टाकायला आपण पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवतो. तो पुसट असला तरी आयएफएससी कोडमधलं पाचवं अक्षर ओळखता येतं. ते शून्यच असतं, ‘ओ’ नसतं. खाते क्रमांकाचं तसं नाही. ३ की ८ कळत नसेल तर अंदाजाने लिहू नका. समजा, फोटोत १० आकडे दिसतात आणि त्याच बँकेतल्या दुसऱ्या ताईचे ११ आहेत, तर कडेचा आकडा कापला गेला असू शकतो. बँक नाव न जुळवता नुसत्या क्रमांकावर पैसे जमा करू शकते. म्हणून ताईला सांगा, “पान सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, चारही कोपरे दिसू द्या.” नवा फोटो आला की फोनवर आकडे एकेक करून वाचून घ्या.