ऑफर लेटरमधला नोटीस पिरियड आणि गार्डन लीव्ह

राजीनामा दिल्यापासून नोकरी प्रत्यक्ष संपेपर्यंतचा ठरलेला काळ म्हणजे नोटीस पिरियड. या काळात माणूस त्या कंपनीचा कर्मचारीच असतो. पगार चालू असतो, पीएफ भरला जातो आणि कामाची जबाबदारीही कायम असते. भारतात खासगी नोकरीतल्या सर्वांना लागू होईल असा एकच नोटीस काळ कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही. कारखान्यातल्या कामगारांना कामावरून कमी करण्याबाबत कायद्याचे स्वतंत्र संरक्षण आहे, पण आयटी कंपनीत, बँकेत किंवा सल्लागार कंपनीत रुजू होणाऱ्या पदवीधराचा नोटीस काळ मुख्यतः त्याने सही केलेल्या कागदावरच ठरतो. त्यामुळे पगाराच्या आकड्याइतक्याच लक्षपूर्वक हे कलमही वाचायला हवे.

अनेकदा हे कलम ऑफर लेटरमध्ये नसतेच. तिथे पद, पगार, रुजू होण्याची तारीख आणि ‘इतर अटी कंपनीच्या धोरणानुसार’ एवढेच लिहिलेले असते. नोटीसचा तपशील नेमणूक पत्रात येतो आणि ते पत्र रुजू होण्याच्या दिवशी, पंधरा-वीस पानांच्या गठ्ठ्यात, सहीसाठी पुढे ठेवले जाते. तोवर दुसऱ्या ऑफर नाकारून झालेल्या असतात. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधीच नेमणूक पत्राचा मसुदा ईमेलने मागवून घ्यावा. ही मागणी रास्त आहे आणि ती केल्याने ऑफर धोक्यात येत नाही.

कलमात सहसा दोन टप्पे असतात. प्रोबेशनमध्ये पंधरा दिवस ते एक महिना आणि कन्फर्मेशननंतर दोन किंवा तीन महिने. इथे एक शब्द शोधावा लागतो. प्रोबेशन सहा महिन्यांनी आपोआप संपते, की कंपनीने लेखी कन्फर्मेशन दिल्यावरच संपते? दुसरी पद्धत असेल आणि पत्र लांबले, तर कर्मचारी वर्षभरानंतरही प्रोबेशनवरच राहतो. तेव्हा त्याला लवकर बाहेर पडता येते, पण कंपनीही त्याला तितक्याच कमी मुदतीत काढू शकते. दोन्ही बाजूंची मुदत सारखी आहे का, हेही तपासावे. कर्मचाऱ्याने तीन महिने द्यायचे आणि कंपनीने मात्र एक महिन्याचा पगार देऊन मोकळे व्हायचे, अशी एकतर्फी कलमे सर्रास दिसतात.

पालकांना नव्वद दिवसांचा आकडा पाहून धास्ती वाटते. खरी अडचण आकड्यात कमी आणि त्याच्या पुढच्या वाक्यात जास्त असते. नव्या कंपनीला उमेदवार महिनाभरात हवा असतो आणि जुनी कंपनी तीन महिने सोडत नाही, असा पेच पहिल्या नोकरीच्या दोन-तीन वर्षांत बहुतेकांपुढे येतो. त्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे बायआऊट, म्हणजे न भरलेल्या नोटीस दिवसांचे पैसे देऊन लवकर बाहेर पडणे. हा पर्याय कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून दिला आहे, की ‘अॅट द सोल डिस्क्रिशन ऑफ द कंपनी’ म्हणजे कंपनीच्या मर्जीवर ठेवला आहे, यावर सगळे अवलंबून असते. मर्जीवर असेल तर पैसे तयार असूनही मॅनेजर ‘प्रोजेक्ट संपेपर्यंत सोडता येणार नाही’ असे म्हणू शकतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या मुलीचा वार्षिक सीटीसी 6,00,000 रुपये आहे. महिन्याचा ग्रॉस पगार 45,000 आणि त्यात बेसिक 22,500 रुपये. नोटीस नव्वद दिवसांची. तिने 1 जून रोजी राजीनामा दिला आणि तो दिवस धरून मोजले, तर नव्वदावा दिवस 29 ऑगस्टला येतो. नव्या कंपनीला ती 1 जुलैला हवी आहे. म्हणजे जूनचे तीस दिवस भरले जातात आणि साठ दिवस कमी पडतात. पत्रात वसुली बेसिकवर लिहिली असेल, तर दिवसाचे 750 रुपये होतात आणि साठ दिवसांचे 45,000. ग्रॉसवर असेल तर दिवसाचे 1,500 आणि एकूण 90,000. काही पत्रांत ही वसुली थेट सीटीसीवर धरलेली असते, तेव्हा रक्कम एक लाख होते. दिवस तेवढेच, पण एका शब्दामुळे रक्कम दुप्पट होते. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करून घेण्याची सोय असेल आणि तिच्या खात्यात दहा दिवस असतील, तर पन्नासच दिवसांचे पैसे भरावे लागतील. बेसिकवर ते 37,500 होतात, ग्रॉसवर 75,000. उलट काही कंपन्या नोटीस काळात घेतलेली रजा मोजतच नाहीत आणि शेवटचा दिवस तेवढाच पुढे ढकलतात.

दिवस कधीपासून मोजायचे, यावरही वाद होतात. मॅनेजरला तोंडी सांगितले तो दिवस धरला जात नाही. एचआर पोर्टलवर किंवा ईमेलवर राजीनामा नोंदवला तो दिवस धरतात. काही कंपन्या मात्र राजीनामा ‘स्वीकारल्याची’ तारीख लिहितात आणि स्वीकारायलाच दहा दिवस लावतात. म्हणून राजीनाम्याच्या ईमेलमध्येच शेवटच्या दिवसाची तारीख लिहून त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवणे शहाणपणाचे. त्या ईमेलमध्ये कंपनीची कोणतीही गोपनीय माहिती नसावी, एवढे पाहावे.

बायआऊटची रक्कम नवी कंपनी भरून देते असे सांगितले जाते आणि बऱ्याचदा ते खरेही असते. पण ते पैसे बहुधा रुजू झाल्यावर, जुन्या कंपनीच्या फुल अँड फायनल हिशेबाचा कागद दाखवल्यावरच मिळतात आणि पगाराचा भाग धरून त्यावर कर कापला जातो. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर ते परत करावेत, अशी अट नव्या पत्रात असू शकते. जुन्या कंपनीने या वसुलीवर जीएसटी लावला, तर आक्षेप घ्यावा. नोटीसच्या बदल्यात वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात केला आहे.

नोटीस न भरताच निघून गेले तर काय? वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. त्यामुळे कोणालाही जबरदस्तीने कामावर बसवता येत नाही. नुकसानभरपाई मागता येते, पण 1872 च्या करार कायद्याच्या 74 व्या कलमानुसार ती वाजवीच असावी लागते, पत्रात कितीही मोठा आकडा लिहिलेला असला तरी. व्यवहारात नुकसान होते ते दुसरीकडेच. रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, नोंदीत ‘अॅब्स्कॉन्डिंग’ म्हणजे न सांगता निघून गेल्याचा शिक्का बसतो आणि पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणी नेमकी तिथेच अडकते. दोन-चार आठवड्यांची घाई पुढची काही वर्षे कागदावर राहते.

गार्डन लीव्ह हा याच नोटीस काळाचा वेगळा प्रकार. कर्मचाऱ्याने राजीनामा दिला किंवा कंपनीने त्याला नोटीस दिली, की कंपनी त्याला सांगते की पगार मिळत राहील, पण ऑफिसला यायचे नाही. लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून घेतात, ईमेल बंद होतो, ग्राहकांशी बोलायची मनाई होते. ग्राहकांची यादी, किमतींची माहिती किंवा चालू संशोधन घेऊन माणूस लगेच स्पर्धकाकडे जाऊ नये, हा यामागचा हेतू. ही पद्धत ब्रिटनमध्ये रुळली. लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्ड वृत्तपत्राच्या उत्पादन व्यवस्थापकाची नोटीस वर्षभराची होती आणि त्याला दोनच महिन्यांत प्रतिस्पर्धी वृत्तपत्रात जायचे होते. वृत्तपत्राने पूर्ण काळाचा पगार द्यायची तयारी दाखवली आणि तिथल्या अपील न्यायालयाने त्याला तोवर प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यापासून रोखले.

भारतात ही तरतूद प्रामुख्याने गुंतवणूक बँका, विक्री, संशोधन आणि वरिष्ठ पदांसाठी वापरली जाते. नवख्या पदवीधरावर तिची वेळ क्वचितच येते, पण तयार साच्यातल्या पत्रांमुळे कलम मात्र त्यांच्याही कागदात असते. ते वेगळ्या मथळ्याखाली असेलच असे नाही. ‘कंपनी कर्मचाऱ्याला नोटीस काळात कामापासून दूर राहण्यास सांगू शकते’ अशा एका वाक्यात ते नोटीसच्या कलमातच दडलेले असते.

इथे मुलांचा आणि पालकांचाही एक मोठा गैरसमज होतो. काम नाही, ऑफिस नाही, म्हणजे नोकरी संपली असे वाटते. पण कामाचा शेवटचा दिवस आणि नोकरीचा शेवटचा दिवस हे इथे वेगळे असतात. कर्मचाऱ्याने 10 जूनला लॅपटॉप परत दिला आणि गार्डन लीव्ह 29 ऑगस्टपर्यंत असेल, तर 29 ऑगस्टपर्यंत तो जुन्या कंपनीचाच कर्मचारी असतो. या काळात नव्या कंपनीत रुजू झाल्यास करारभंग होतोच, शिवाय एकाच यूएएनवर दोन कंपन्यांचा पीएफ एकाच महिन्यात जमा झालेला दिसतो आणि गोष्ट उघडी पडते. म्हणून नव्या कंपनीला तारीख देताना नोकरीचा शेवटचा दिवसच मोजावा. या काळात पूर्ण ग्रॉस मिळणार, की फक्त बेसिक, आणि कामगिरीवर आधारित रक्कम धरली जाणार की नाही, हेही पत्रात पाहावे.

या अटीला कायद्याची मर्यादा आहे आणि ती समजली की बरीच भीती जाते. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन न्यायालये साधारणपणे मान्य करतात. कल्याणजवळच्या एका रेयॉन कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेला. तेव्हा कराराच्या उरलेल्या काळापुरती त्याच्यावर घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये योग्य ठरवली. नोकरी संपल्यानंतरची बंदी मात्र करार कायद्याच्या 27 व्या कलमात अडकते. व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो, असे ते कलम सांगते. व्हिसा सेवा देणाऱ्या एका कंपनीने, नोकरी संपल्यावर तीन महिने पगाराएवढी रक्कम देऊन स्पर्धकाकडे जाण्यास मनाई करणारे ‘गार्डन लीव्ह’ कलम अमलात आणू पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये ती मनाई सकृतदर्शनी व्यवसायाला प्रतिबंध करणारी मानली. पैसे देऊ केले म्हणून तिचे स्वरूप बदलले नाही. त्यामुळे पत्रात गार्डन लीव्ह हा शब्द दिसला, की पहिला प्रश्न हाच असावा की हा काळ नोटीसच्या आतला आहे की नोटीस संपल्यानंतरचा.

गोपनीयतेचे बंधन याहून वेगळे असते. जुन्या कंपनीची फाइल, कोड किंवा ग्राहकांची यादी नोकरी संपल्यावरही वापरता येत नाही.

नवख्या उमेदवाराला नोटीसचा काळ कमी करून मिळणे अवघड असते, कारण कंपनी एका तुकडीतल्या सर्वांना एकच मसुदा देते. खुलासा मात्र मिळतो. सही करण्यापूर्वी एचआरला एक छोटा ईमेल पाठवून वसुली बेसिकवर की ग्रॉसवर, बायआऊट मर्जीवर की हक्काने, शिल्लक रजा वळती होते का, आणि गार्डन लीव्हमध्ये पगाराचे कोणते घटक मिळतात, एवढे विचारावे. बाँड असेल तर तो नोटीसपासून वेगळा समजावा. नोटीस पूर्ण भरली तरी बाँडची रक्कम माफ होत नाही, दोन्हींचा हिशेब स्वतंत्र असतो. आलेले उत्तर नेमणूक पत्रासोबत जपून ठेवावे. दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलताना तो एचआर अधिकारी कंपनीत असेलच असे नाही, पण त्याचे लेखी उत्तर हाताशी असते.