पेला, वाटी आणि अदपाव

भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतील मुलूख. खाली खाचरांत भात आणि वर डोंगरउतारावर नाचणी व वरी, ही येथील जुनी पिके. समजा, तेथील एका शाळेतील मुलांनी घरोघरी जाऊन पदार्थांच्या कृती ऐकल्या आणि जशा ऐकल्या तशा उतरवून एक पुस्तिका तयार केली. तीत आंबिलीची कृती अशी आली आहे :

‘नाचणीचे पीठ एक वाटी घ्यावे व रात्री ताकात भिजत घालणे. सकाळी तीन पेले पाणी उकळा. मीठ टाकून त्यात नागलीचं पीठ ओततात. शिजल्यावर अदपाव ताक, जिरं नि लसूण.’

ज्या आजीने ही कृती सांगितली तिची आंबील कधी बिघडत नाही. कारण तिचा पेला तिच्या हाताशी असतो. पण दूर शहरातील एखादी मुलगी ही पुस्तिका उघडून शेगडीपाशी उभी राहिली, की तिची पंचाईत होते. रात्री नाचणीचे पीठ भिजवले, मग सकाळी ओतायचे नागलीचे पीठ ते कोणते? नाचणी आणि नागली ही एकाच धान्याची दोन नावे आहेत, हे तिला ठाऊक नसते. ती कोरडे पीठ घेऊन उकळत्या पाण्यात टाकते आणि क्षणात गुठळ्या होतात. वरून शिजलेल्या, आत कोरड्या.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या उल्लेखात ‘नाचणी, म्हणजेच नागली’ असे लिहावे आणि पुढे सर्वत्र नाचणी हेच नाव ठेवावे. मात्र दोन नावे दिसली की ती एकच मानावीत, असेही नाही. वरी हे पीक. तिचे टरफल काढलेले दाणे म्हणजे वरीचे तांदूळ, ज्यांना कित्येक ठिकाणी भगर म्हणतात. ‘वरी कांडावी’ येथे भगर हा शब्द घातला, तर कांडलेलेच पुन्हा कांडावे लागेल!

मापांचा घोटाळा याहून अवघड. आजीच्या पेल्यात दोन वाट्या पाणी मावते, म्हणजे तीन पेल्यांचे पाणी सहा वाट्या झाले. मुलीचा पेला वाटीएवढाच असला, तर पाणी निम्मेच पडते आणि आंबील पिठल्यासारखी घट्ट होऊन बसते. हे घरी बसून तर्काने सोडवता येत नाही. आजीकडे पुन्हा जाऊन तिचा पेला वाटीने मोजावा लागतो. रात्री किती ताक घालायचे, हेही तेव्हाच विचारावे. कृतीत ते मुळीच नाही. आजीचे उत्तर येते, ‘दोन वाट्या.’

अदपाव म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, तेव्हा अदपाव १० तोळ्यांचा, सुमारे ११७ ग्रॅम. दशमान वजने देशात १९५८ पासून लागू होऊ लागली, तरी जुने शब्द तोंडी राहिले. त्यातून शेर हे वजनही होते आणि धान्य मापण्याचे मापही. म्हणून येथेही आजीचे भांडेच पाहावे. तिचे ताक वाटीला थोडेसे कमी भरले. आंबिलीत तेवढ्याने बिघडत नाही, म्हणून १ वाटी लिहिले तरी चालते.

वाटीही घरोघरी निराळी असते. कमलाबाई ओगले यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘रुचिरा’ वाटी-चमच्याच्या मापांमुळे घरोघरी वापरले गेले. पण वाटीचा आकार एकदा ठरवावा लागतोच. पुस्तिकेच्या आरंभी लिहावे : ‘१ वाटी म्हणजे १५० मिलिलिटर, पीठ न दाबता, सपाट भरावे.’ शिगोशीग भरलेली वाटी पुष्कळ अधिक पीठ घेते. १५० मिलिलिटर पीठ म्हणजे १५० ग्रॅम पीठ नव्हे, हेही ध्यानात असावे.

आता क्रियापदे. ‘घ्यावे’, ‘घालणे’, ‘उकळा’, ‘ओततात’ अशी चार रूपे चार ओळींत आली आहेत. ‘ओततात’ ही तर सूचनाच नव्हे, ते वर्णन झाले. शेवटच्या वाक्यात क्रियापदच नाही. लसूण ठेचावा की तसाच घालावा? पुस्तिकेसाठी विध्यर्थ निवडला, तर कर्माचे लिंग व वचन सांभाळावे लागते : पीठ घ्यावे, वाटी घ्यावी, पाकळ्या ठेचाव्यात. ‘घ्या’ या आज्ञार्थाला ही अडचण नाही, आणि तोही चालेल. फक्त मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच असावा.

दुरुस्त कृती अशी होईल :

‘नाचणीचे (नागलीचे) १ वाटी पीठ २ वाट्या ताकात रात्रभर भिजवावे. सकाळी ६ वाट्या पाण्यात चवीपुरते मीठ घालून पाणी उकळावे. भिजवलेले पीठ ढवळून त्यात हळूहळू ओतावे आणि ओतताना सतत ढवळावे. कच्च्या पिठाचा वास जाऊन मिश्रणावर चकाकी येईपर्यंत मंद आचेवर शिजवावे. निवल्यावर १ वाटी ताक घालावे. लसणाच्या पाकळ्या व जिरे ठेचून मिसळावे.’

‘शिजल्यावर’ या एका शब्दाच्या जागी वास आणि चकाकी आली, तीही आजीलाच विचारून. लसणाच्या पाकळ्या किती, हे मात्र तिने अजून सांगितलेले नाही.