रिकर्व्ह की कंपाउंड?

प्रश्न : माझ्या 13 वर्षांच्या मुलीला तिरंदाजी शिकायची आहे. दुकानदार 30 पौंडांचे कंपाउंड घ्या म्हणतो, प्रशिक्षक रिकर्व्ह सुचवतात. कोणाचे ऐकू?
– एक पालक, सांगली

उत्तर : प्रशिक्षकांचे. त्याआधी मात्र मुलीचे माप घ्या. तिला दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून भिंतीला टेकून उभी करा आणि मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर मोजा. समजा ते 155 सेंटिमीटर भरले. त्याला अडीचने भागले की 62 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेचोवीस इंच येतात. ही तिची अंदाजे ड्रॉ लेंथ. दोरी ती तेवढीच मागे ओढणार.

आता रिकर्व्हच्या लिंबवर 24 पौंड लिहिलेले असेल, तर तो आकडा 28 इंच ओढीचा असतो. ओढ एक इंचाने कमी झाली की वजन सुमारे दोन पौंडांनी उतरते. म्हणजे तिच्या बोटांवर येतील जेमतेम 17 पौंड, आणि सुरुवातीला तेवढे पुरे. वजन झेपत नसेल तर ते लगेच दिसते: दोरी ओढताना खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे झुकते, आणि हनुवटीशी हात स्थिर होण्याआधीच बाण सुटतो. अशा ओढीची सवय लागली की पुढे मोडणे फार जड जाते. मुलगी वाढली, ताकद आली, की फक्त लिंब बदलायचे. मधला रायझर तोच राहतो.

कंपाउंडचे गणित वेगळे. ओढताना मध्येच 30 पौंडांचा पूर्ण भार येतो, तो ओलांडला की कॅम फिरतात आणि 75 टक्के भार उतरत असेल तर हातात साडेसात पौंडच उरतात. म्हणून नेम धरणे सोपे वाटते. पण ओढ कुठे थांबणार हे कॅम ठरवतात, मुलीचे शरीर नाही. ती लांबी इंचभर जास्त असली तरी मुलगी मागे रेलते आणि दोरी चेहऱ्यावर ठरल्या जागी येत नाही. शिवाय वाढत्या वयात ही जुळणी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि प्रत्येक धनुष्यात ती सहज होतेच असे नाही.

कंपाउंड कमी दर्जाचे आहे असा याचा अर्थ नाही. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडचीच जगज्जेती झाली, तीही 17व्या वर्षी. तुमच्या गावात कंपाउंड जुळवून देणारा जाणकार प्रशिक्षक असेल, तर कंपाउंडनेच सुरुवात करायलाही हरकत नाही.

तूर्त क्लबचे हलके रिकर्व्ह भाड्याने घ्या, खरेदी पुढे ढकला. आणि धनुष्य कोणतेही असो, बाण न लावता दोरी ओढून सोडू देऊ नका. कंपाउंडचे तर एका झटक्यात लिंब फुटू शकतात.