छोट्या दुकानाचा विक्री-डॅशबोर्ड : आधी प्रश्न, मग आलेख

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्यिक कर विभागाने यूपीआयद्वारे जमा झालेल्या रकमांच्या आधारे बंगळुरूतील अनेक छोट्या दुकानदारांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा बजावल्या. वस्तू विकणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये उलाढाल अशी आहे. खात्यात आलेली प्रत्येक रक्कम मात्र विक्रीची नसते. हा फरक दाखवणारी नोंद अनेकांपाशी नव्हती. एक्सेलमध्ये डॅशबोर्ड तयार करून देणाऱ्याचे काम येथून सुरू होते.

दुकानदाराची गरज जाणून घेताना ‘कोणते आलेख हवेत?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. पैसे कोणत्या मार्गांनी येतात, त्यात उसनवारीचे किंवा घरचे किती, आणि माल करपात्र की करमुक्त, हे विचारावे लागते. केवळ करमुक्त माल विकणाऱ्यास नोंदणी लागत नाही. दोन्ही प्रकारचा माल विकणाऱ्याच्या एकूण उलाढालीत मात्र करमुक्त विक्रीही धरली जाते.

समजा, एका किराणा दुकानात दररोज सरासरी ७,००० रुपये यूपीआयने आणि ४,००० रुपये रोखीने येतात. ३६५ दिवसांत यूपीआयचे २५.५५ लाखच होतात, म्हणून दुकानदार निर्धास्त राहतो. पण दोन्ही मिळून रक्कम ४०.१५ लाख होते. यूपीआयमधील रोजचे ५०० रुपये खासगी असतील, तर खरी विक्री ३८.३२ लाख, म्हणजे मर्यादेच्या आत राहते.

यासाठी ‘Data’ या पानावर दिनांक, रक्कम, माध्यम व प्रकार असे चार स्तंभ पुरेसे आहेत. एकूण विक्रीचे सूत्र असे :

```
=SUMIFS(Data!B:B,Data!D:D,"विक्री")
```

कोणी ‘विक्री’पुढे चुकून मोकळी जागा सोडली, तर ती रक्कम बेरजेतून निसटते आणि एक्सेल चूक दाखवत नाही. म्हणून प्रकार हाताने न लिहिता यादीतून निवडण्याची सोय करावी. शिवाय सर्व रकमांच्या बेरजेतून विक्री व खासगी रक्कम वजा करणारा एक तपासणीचा चौकोन ठेवावा. तेथे शून्य नसेल, तर नोंदीत चूक आहे.

आतापर्यंतच्या दैनिक सरासरीला ३६५ ने गुणले की वर्षाचा अंदाज मिळतो. दसरा-दिवाळीची विक्री नंतर होत असल्याने जुलैतील अंदाज कमी येण्याची शक्यता असते, हे दुकानदारास सांगावे.

शुल्क प्रत्येक डॅशबोर्डमागे ठरवताना चर्चा २ तास, बांधणी ६ तास आणि शिकवणे २ तास असा हिशेब धरता येतो. तासाला ३०० रुपये आकारल्यास ३,००० रुपये होतात. डॅशबोर्ड कोणत्या प्रश्नांची उत्तरे देईल, हे आधी लिहून घ्यावे. पुढे ‘उधारीही दाखवा’ अशी मागणी आली, तर ते वेगळे काम व वेगळे शुल्क ठरते. रोजची नोंद मात्र दुकानदारालाच ठेवावी लागते; ती थांबली की डॅशबोर्ड जुनेच आकडे दाखवत राहतो.