आजी-आजोबा येण्याआधी लावायचं पोस्टर

इंग्लंडमध्ये नव्याने संसार थाटलेल्या मराठी घरांत बाळ झालं की आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर मदतीला येतात. दिवसा आई-वडील कामावर आणि घरात आजी, आजोबा, नुकतं रांगायला लागलेलं बाळ. जुनी कुटुंबं अशा घराला पहिला सल्ला देतात तो स्वयंपाकघरात प्रथमोपचाराचं मराठी-इंग्रजी पोस्टर लावण्याचा. त्यावर दहा संकटं कोंबायची नाहीत. सुरुवात भाजण्यापासून करावी, कारण लहान मुलं भाजतात ती बऱ्याचदा चहा-कॉफीनेच. कप भरून पंधरा मिनिटं झाली तरी त्यातला चहा बाळाची त्वचा पोळवू शकतो.

पहिलं चित्र नळाचं. नळाखाली धरलेला हात, शेजारी घड्याळ, घड्याळात वीस मिनिटांचा भाग रंगवलेला. खाली मराठी ओळ: ‘लगेच गार वाहतं पाणी, २० मिनिटं’. त्याखाली त्याच अर्थाची इंग्रजी ओळ, कारण धावत आलेली शेजारीण किंवा मुलांना सांभाळायला येणारी मुलगी मराठी वाचणार नाही. वीस मिनिटं हा ब्रिटनमधला अधिकृत सल्ला आहे. ती फार वाटतात, म्हणून माणसं दोन मिनिटांत नळ बंद करतात. घड्याळ काढायचं ते यासाठी.

इथे एक खास विलायती अडचण येते. जुन्या ब्रिटिश घरांत बेसिनला दोन वेगळे नळ असतात, एक गरम आणि एक गार. घाबरलेला नवखा माणूस हाताला लागेल तो सोडतो. त्यामुळे चित्रातला नळ निळा रंगवावा आणि तशीच निळी चिकटपट्टी खऱ्या गार नळावरही लावावी.

दुसऱ्या चित्रात बांगडी, अंगठी आणि भाजलेल्या भागावरचा कपडा उतरवणारे हात. सूज चढली की बांगडी निघत नाही, म्हणून हे पाणी चालू असतानाच करायचं. मात्र कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. लहान बाळाच्या बाकीच्या अंगावर पांघरूण हवं, नाहीतर इतका वेळ गार पाण्याने ते गारठतं. तिसऱ्या चित्रात पाणी थांबवल्यावर क्लिंग फिल्मचा तुकडा भाजलेल्या जागेवर नुसता ठेवलेला. तो हाताभोवती गुंडाळलेला दाखवू नये, कारण सूज वाढली की गुंडाळी आवळते.

आता हळद, टूथपेस्ट, तूप आणि बर्फ. ‘हे लावू नका’ हे चित्राने सांगणं सगळ्यात अवघड जातं. टूथपेस्टच्या नळीवर कोपऱ्यात बारीक लाल फुली काढली, तर घाईत फुली निसटते आणि नळी तेवढी दिसते. चित्र मग उलटंच शिकवतं. फुली काढायची तर अख्ख्या चित्रावर, जाड आणि लाल काढावी, नाहीतर ते चित्रच नको.

छापण्याआधी परीक्षा घ्यावी. ओळींवर कागद चिकटवून पोस्टर एखाद्या ज्येष्ठ पाहुण्यांसमोर धरायचं आणि विचारायचं, “काकू, यात काय करायला सांगितलंय?” त्यांनी पाण्याच्या थेंबांना तेल म्हटलं, तर थेंबांऐवजी नळातून पडणारी सलग निळी धार काढावी. समजावून सांगण्याचा मोह आवरावा. खऱ्या प्रसंगी समजावणारं कुणी नसतं. छापलेली प्रतही नीट तपासावी. फाँट बदलला की वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. पोस्टर दोन मीटरवरून चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. ते शेगडीच्या वर लावू नये. तिथेच भडका उडाला तर जवळ जाता येणार नाही.

शेवटची चौकट फोनची. त्यात ९९९ हा आकडा फोनच्या बटणांवर असतो तसा इंग्रजी अंकांत मोठा छापावा. बाळाचा चेहरा, हात किंवा पाय भाजला असेल, किंवा जखम त्याच्या स्वतःच्या हाताच्या पंजापेक्षा मोठी असेल तर हॉस्पिटल गाठायलाच हवं. छोट्या जखमेसाठी १११ वर विचारता येतं. ९९९ वर आधी कोणती सेवा हवी ते विचारतात. म्हणून बोलायची इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहावीत: ‘अॅम्ब्युलन्स प्लीज. बेबी इज बर्न्ट. मराठी, प्लीज.’ भाषेचं नाव कळलं तर दुभाषा जोडून देण्याची सोय असते. पण दुभाष्याची वाट पाहताना बाळाचा हात पाण्याखालीच राहू द्यावा. वाक्यांखाली घर क्रमांक, रस्ता आणि पोस्टकोड लिहावा, तोही उच्चाराप्रमाणे, एकेक अक्षर सुटं करून. भाड्याची घरं वरचेवर बदलतात, तेव्हा पत्त्याची पट्टी वेगळी छापून खाली चिकटवलेली बरी.